फोडी न मोडणारी बटाट्याची भाजी

मधुमेह असलेल्या सासऱ्यांसाठी एका वाचक भगिनीने विचारलेला प्रश्न तसा स्वयंपाकघरातला आहे. मोहरी-हळदीची बटाट्याची सुकी भाजी त्यांना फार आवडते, पण तिचा दरवेळी गिचका होतो. गिचका झाला की खाल्ला जातो जास्त, आणि जेवणानंतरची साखरही वाढलेली दिसते. भाजी सुटसुटीत करता येईल का, आणि ती त्यांना द्यावी का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच जागी सापडतात: बटाटा उकडल्यावर तो पूर्ण गार होऊ दिला की नाही.

बटाट्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. उकडताना ही पकड सैल होते आणि पेशींतला स्टार्च पाणी शोषून फुगतो. गरम बटाटा चिरला किंवा परतला की सैल झालेल्या पेशी सुटतात, काही फुटतात, त्यांतला चिकट स्टार्च बाहेर येतो आणि लगदा तयार होतो. तोच बटाटा गार झाला की फुगलेला स्टार्च पुन्हा आवळून घट्ट बसतो. म्हणून गार बटाट्याच्या फोडी सुरीखाली स्वच्छ कापल्या जातात आणि परतल्यावरही टिकतात. आवळलेल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात सहज पचत नाही. त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. तो साखर होऊन रक्तात न उतरता मोठ्या आतड्यापर्यंत जातो. भाजी पुन्हा गरम केली तरी त्यातला बराचसा टिकतो.

अर्धा किलो बटाट्यांचा हिशेब घेऊ. पिठूळ, उकडताच फुटणारे बटाटे या भाजीला नकोत. पातळ सालीचे नवे बटाटे उत्तम, आणि सगळे साधारण एकाच आकाराचे. ते सालीसकट गार पाण्यात ठेवावेत, पाणी वर दोन बोटे असावे. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा भाग फुटेपर्यंत आतला कच्चाच राहतो. पाण्यात चमचाभर मीठ घालावे. उकळी आली की आच मंद करून मध्यम बटाट्यांना वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत. कुकरमध्ये वाफ जिरेपर्यंत शिजणे चालूच राहते, म्हणून या भाजीपुरते उघडे पातेले बरे. सुरीचे टोक मध्यापर्यंत जावे, पण अगदी शेवटी किंचित अडावे. साल तडकायला लागली असेल तर उशीर झाला. असे बटाटे सरळ रश्श्यात टाकावेत.

पाणी लगेच ओतून टाकावे. बटाटे ताटात पसरून निववावेत आणि दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत. रात्री उकडून सकाळी डब्याची भाजी करणे सर्वांत सोयीचे. उकडलेले बटाटे रात्रभर ओट्यावर ठेवू नयेत, त्यात जंतू वाढतात. सकाळी सोलून पाऊण इंचाच्या फोडी कराव्यात.

पसरट कढईत दोन मोठे चमचे तेल तापवावे, त्यात चमचाभर मोहरी. ती पूर्ण तडतडू द्यावी, अर्धकच्ची मोहरी कडू लागते. मग हिंग, कढीपत्ता, तीन हिरव्या मिरच्या. गॅस बारीक करूनच अर्धा चमचा हळद घालावी. ती क्षणात करपते, म्हणून फोडी हाताशी ठेवाव्यात. फोडी घातल्यावर उलथने खालून सरकवून एकदाच वर आणावे, मीठ भुरभुरावे आणि दोन मिनिटे हात लावू नये. खालची बाजू जराशी खमंग झाली की पुन्हा एकदा उलटावे. पाण्याचा हबका नको, झाकणही नको, कारण वाफेने फोडी पुन्हा ओल्या होतात. चमच्याने गोल ढवळणे हेच मोडतोडीचे सर्वांत मोठे कारण आहे. गॅस बंद केल्यावर लिंबू आणि कोथिंबीर. मधुमेही माणसाच्या भाजीत चिमूटभर साखरेचीही गरज नाही.

आता सासऱ्यांचे ताट. गार करून केलेल्या भाजीचा फायदा खरा आहे, पण मर्यादित आहे. बहुतेक स्टार्च पचतोच. त्यांना एक लहान वाटी भाजी द्यावी आणि नेहमीच्या दोन पोळ्यांऐवजी एकच. बटाटा आणि पोळी दोन्ही पिष्टमयच असतात. सोबत उसळ किंवा घट्ट वरण आणि काकडीची कोशिंबीर असावी. घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर तपासावी. दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी डॉक्टरांना दाखवल्या की वाटी किती भरायची ते नेमके ठरवता येते.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ही पद्धत तशीच वापरू नये. सालीसकट उकडल्याने पोटॅशियम बटाट्यातच राहते. ज्यांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले आहे त्यांच्यासाठी बटाटे सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यावे लागते. मग फोडी थोड्या मऊ होतात, तरी निववून घेतल्या तर बऱ्यापैकी टिकतात. त्यांनीही किती खायचे हे आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. हिरवट झालेले किंवा खूप कोंब आलेले, कडू लागणारे बटाटे मात्र कोणासाठीच वापरू नयेत. त्यांतले सोलॅनिन उकडूनही जात नाही.