ध्वनिक्षेपकावरील सूचना : पाणी उकळूनच प्या

गावात पूर्वी दवंडी पिटली जाई. आता ध्वनिक्षेपक बांधलेली रिक्षा गल्लोगल्ली फिरते. माध्यम बदलले, तरी एक अडचण कायम आहे : ऐकणारा जागेवर असतो आणि सांगणारा पुढे निघून जातो. छापील सूचना दुसऱ्यांदा वाचता येते. ऐकलेली सूचना मात्र निसटली की निसटली. म्हणून अशा सूचनेचे लेखन कानासाठी करावे लागते.

एका लहान शहराचे उदाहरण घेऊ. तेथे नळाला दिवसातून एकदाच पाणी येते. उरलेल्या वेळी जलवाहिनीत दाब नसतो. वाहिनीचा एखादा सांधा गळका असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर त्या वेळी गटाराचे पाणी आत शिरते व पुढच्या पाळीला घराघरांत पोहोचते. एके सकाळी तीन भागांतून वास येणाऱ्या पाण्याच्या तक्रारी आल्या. नगरपालिकेच्या लिपिकाने सूचना लिहिली :

“सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव जलवाहिनीत दूषित घटकांचा शिरकाव झाल्याचे निदर्शनास आले असून, पुढील आदेशापर्यंत पाणी उकळल्याशिवाय प्राशन करू नये.”

व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे, पण रस्त्यावर ते निरुपयोगी ठरते. ‘शिरकाव’, ‘निदर्शनास’, ‘प्राशन’ हे कार्यालयातील शब्द आहेत. कोणत्या भागातील पाणी बिघडले, याचा उल्लेखच नाही. सर्वांत गंभीर दोष वाक्याच्या शेवटी आहे. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या अखेरीस येतो. वाऱ्याने किंवा वाहनाच्या आवाजाने ‘नये’ एवढा एकच शब्द हरवला, तर ऐकणाऱ्याच्या कानी ‘प्राशन करू’ एवढेच पडते. ‘पाणी उकळूनच प्या’ या होकारार्थी वाक्यात हा धोका नाही.

आता लांबीचा विचार करू. समजा, भोंग्याचा आवाज रिक्षाच्या पुढे व मागे चाळीस-चाळीस मीटरपर्यंत स्पष्ट ऐकू येतो. रिक्षा माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ५ किलोमीटर वेगाने गेली, तर हे ८० मीटर अंतर ओलांडण्यास तिला जवळजवळ एक मिनिट लागते. तीच ताशी २० किलोमीटर वेगाने गेली, तर जेमतेम १४ सेकंद मिळतात. सावकाश वाचल्यास मिनिटाला सुमारे शंभर शब्द होतात. तेव्हा सूचना साठ-पासष्ट शब्दांत संपावी, रिक्षा हळू चालावी आणि चौकात थांबून मजकूर दोनदा वाचला जावा. सुधारलेला मजकूर असा :

“लक्ष द्या! पिण्याचे पाणी उकळूनच प्या. जुनी पेठ, कुंभारवाडा आणि स्टेशन रस्ता येथील नळाच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळले आहे. पाणी खळखळून उकळू लागल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या. झाकून थंड करा. पिण्यासाठी, दात घासण्यासाठी आणि बाळाच्या दुधासाठी हेच पाणी वापरा. काल भरून ठेवलेले पाणीही उकळा. जुलाब, उलट्या झाल्यास लगेच नगरपालिकेच्या दवाखान्यात जा. पाणी शुद्ध झाल्याची सूचना याच गाडीवरून मिळेपर्यंत उकळत राहा.”

यात आज्ञा आधी आणि कारण नंतर येते. ‘खळखळून’ हा शब्द येथे मोलाचा आहे, कारण अनेक घरांत पाणी कोमट झाले, वाफ दिसली, की भांडे उतरवले जाते. खळखळून उकळलेल्या पाण्यात रोगजंतू टिकत नाहीत. २००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी पाणी कमी तापमानालाच उकळते, म्हणून तेथे एका मिनिटाऐवजी तीन मिनिटे सांगावी लागतात. पाण्यात कारखान्याचे रसायन मिसळले असेल, तर मात्र ही सूचना लागूच पडत नाही. उकळल्याने रसायन जात नाही. तेव्हा नळाचे पाणी पूर्णपणे बंद ठेवून टँकरची जागा सांगावी लागते.

मजकुरात मुदत का दिली नाही, असा प्रश्न पडेल. पाण्यातील जंतूंच्या तपासणीस साधारण एक दिवस तरी लागतो, त्यामुळे ‘उद्यापर्यंत’ असे वचन देता येत नाही. आजारही लगेच दिसेल असे नाही. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. ती हिपॅटायटिस ई या विषाणूची होती. हा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसण्यास दोन ते दहा आठवडे लागू शकतात. ‘चार दिवस झाले, कोणी आजारी नाही’ असे म्हणून उकळणे थांबवणारे घर म्हणूनच फसते.

दुरुस्ती होऊन तपासणीचा अहवाल चांगला आला, की तीच रिक्षा त्याच गल्ल्यांतून पुन्हा फिरवावी लागते. त्या वेळच्या मजकुरात आणखी दोन कामे सांगायची असतात : नळाचे सुरुवातीचे पाणी काही वेळ वाहू देणे आणि घरातील टाकी व पिंप रिकामे करून धुणे.