उन्हाळी आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग

लघवीस जळजळ होऊन ती वारंवार लागू लागली की ग्रामीण भागात त्यास ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात. अंगातील उष्णता हे तिचे कारण समजून धन्याचे अथवा सब्जाचे पाणी दिले जाते. तथापि, तरुण स्त्रियांच्या बाबतीत हे बहुधा मूत्राशयाच्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने आतड्यातील ‘ई. कोलाय’ हे जंतू गुदद्वाराजवळून मूत्राशयात सहज पोहोचतात.

उदाहरणादाखल, २४ वर्षांची एक विवाहित तरुणी घ्या. दोन दिवसांपासून तिला दर अर्ध्या तासाने लघवीस जावे लागते, थोडीच लघवी होते आणि ओटीपोटात दुखते. महिन्यापूर्वी असाच त्रास झाला असता तिने दुकानातून आणलेल्या गोळ्या दोनच दिवस घेतल्या होत्या. अशा वेळी डॉक्टर प्रथम चार गोष्टी विचारतात : थंडी-ताप आहे काय, कमरेच्या वर बाजूस दुखते काय, पांढरे जाते काय आणि पाळी चुकली आहे काय. पहिल्या दोन गोष्टी मूत्रपिंडास संसर्ग झाल्याचे सुचवितात; पांढरे जाणे व खाज असल्यास दुखणे योनिमार्गाचे असू शकते.

या चारही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली आणि त्रास प्रथमच झालेला असला, तर लघवीच्या साध्या तपासणीवर, प्रसंगी केवळ लक्षणांवरूनही, उपचार सुरू करता येतो. या तरुणीचा त्रास मात्र उलटलेला आहे. म्हणून औषध देण्यापूर्वीच जंतुसंवर्धनासाठी, म्हणजे कल्चरसाठी, नमुना घेणे आवश्यक ठरते. जागा स्वच्छ धुऊन, सुरुवातीची लघवी सोडून देऊन, मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा. ते शक्य नसल्यास शीतकपाटात ठेवावा. बाहेर राहिलेल्या नमुन्यात जंतू वाढतात आणि अहवाल फसवा येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली पूपेशी दिसल्या की संशय बळावतो. कल्चरचा अहवाल दोन-तीन दिवसांनी येतो. दर मिलिलिटरमागे एक लाख वा अधिक एकाच जातीचे जंतू आढळल्यास संसर्ग निश्चित मानतात. मात्र स्पष्ट लक्षणे असल्यास त्याहून कमी संख्याही अर्थपूर्ण ठरते. कोणते औषध लागू पडेल, हेही त्याच अहवालात कळते.

अहवालाची वाट न पाहता डॉक्टर सामान्यतः नायट्रोफ्युरंटॉइनची १०० मिलिग्रॅमची दीर्घ परिणामाची गोळी, दिवसातून दोनदा जेवणानंतर, पाच दिवस देतात. तिच्यामुळे लघवी गडद पिवळी वा तपकिरी होते. त्यात भिण्याचे कारण नाही. जळजळ दोन दिवसांत थांबली तरी गोळ्या पूर्ण घ्याव्यात. सिप्रोफ्लॉक्सासिनला आपल्याकडील बरेच ई. कोलाय आता दाद देत नाहीत. त्यामुळे ते स्वतःच्या मनाने घेणे व्यर्थ होय.

नायट्रोफ्युरंटॉइन मूत्राशयात प्रभावी असले, तरी मूत्रपिंडाच्या संसर्गात उपयोगी पडत नाही. म्हणून ताप, थंडी, उलट्या वा कमरेच्या वर वेदना सुरू झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गर्भवतीने तर प्रत्येक वेळी कल्चर करवून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच औषध घ्यावे.