ग्राहकनिहाय नफ्याचे विश्लेषण : सूट, विशेष पोहोच आणि परत आलेला माल

वस्तूचा परिव्यय ठरविताना क्रियाधारित पद्धती कशी वापरतात, हे आपण मागील घटकात पाहिले. तीच पद्धती ग्राहकाला लावली म्हणजे कोणता ग्राहक व्यवसायाला नफा मिळवून देतो, हे समजते. स्वीडनमधील कांथल या कंपनीने १९८० च्या दशकात असा हिशेब मांडला, तेव्हा तिचे काही मोठे ग्राहकच तोट्याचे निघाले. असे का घडते, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू.

लेखनसाहित्याच्या एका घाऊक विक्रेत्याकडून ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन दुकानदार वर्षाला, परत केलेला माल वजा जाता, छापील दराने प्रत्येकी १०,००,००० रुपयांचा माल घेतात. त्या मालाची खरेदी किंमत ७,८०,००० रुपये आहे. ‘अ’ला ३ टक्के, तर ‘ब’ला ८ टक्के सूट मिळते. म्हणजे ढोबळ नफा अनुक्रमे १,९०,००० व १,४०,००० रुपये झाला. विक्रेता इतर खर्च विक्रीच्या सरसकट १० टक्के धरत असे. त्या हिशेबाने ‘ब’कडूनही ४०,००० रुपये नफा दिसतो.

आता क्रियांचे दर काढू. तातडीच्या विशेष खेपांवर वर्षात एकूण ४,५०,००० रुपये खर्च झाला व अशा ३०० खेपा झाल्या. म्हणून दर खेपेस १,५०० रुपये. याच रीतीने नियमित खेपेचा दर ६०० रुपये आणि परत आलेला माल तपासून, जमापत्र करून पुन्हा फडताळावर लावण्याचा दर प्रत्येक वेळेस ४०० रुपये येतो.

‘अ’ने ५० नियमित व २ विशेष खेपा मागविल्या आणि ४ वेळा माल परत केला. त्याचा खर्च ३४,६०० रुपये, नफा १,५५,४०० रुपये. ‘ब’च्या नियमित खेपा ९०, विशेष ६०, परतीचे प्रसंग ४०. त्याचा खर्च ५४,००० + ९०,००० + १६,००० = १,६०,००० रुपये; म्हणजे २०,००० रुपये तोटा. तोट्याचे मुख्य कारण सूट असावे असे प्रथमदर्शनी वाटते. पण सर्वांत मोठी रक्कम विशेष खेपांची आहे.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. विक्रेत्याच्याच चुकीने गेलेला माल परत आला, तर तो खर्च ग्राहकाच्या नावे टाकू नये. दुसरी अधिक महत्त्वाची. ‘ब’ला सोडले तरी टेम्पोचे भाडे आणि चालकाचा पगार थांबत नाही. १,६०,००० पैकी समजा ७०,००० रुपयेच वाचले, तर १,४०,००० रुपयांचा ढोबळ नफा गमावून विक्रेत्याचा एकूण नफा ७०,००० रुपयांनी घटेल. म्हणून तोट्याचा आकडा पाहताच ग्राहक तोडणे घाईचे ठरते. विशेष खेपेला आकार लावणे किंवा पोहोचीचे वार ठरवून घेणे, ही बोलणी आधी व्हावीत.

स्वयं-अध्ययन : ‘ब’च्या ४० विशेष मागण्या आधीच ठरलेल्या नियमित खेपांत सामावल्या, तर त्याचा नफा किती दिसेल? त्यांपैकी किती रक्कम प्रत्यक्ष वाचेल, हे ठरविण्यास कोणती माहिती लागेल?