बंदची तारीख बागेला विचारून ठरवा

अंजनगाव सुर्जीत संत्रा बागायतदारांसाठी आम्ही दोघा मित्रांनी ऑनलाइन नोंदवही चालवली. फवारणी, पाणी, मजुरी, व्यापाऱ्याचा इसार, सगळं मोबाइलवर. ती बंद करायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न पडला तारखेचा.

याआधी बाहेरच्या एका कंपनीचं असंच ॲप आम्ही स्वतः वापरत होतो. ते डिसेंबरात गेलं. आंबिया बहारासाठी बाग ताणावर असते तो हा काळ. गेल्या साली ताण कधी दिला, पाणी कधी सोडलं, हे पाहायला लोकांनी ॲप उघडलं, तर ‘काही अपरिहार्य कारणास्तव सेवा स्थगित’ एवढंच. वर्गणीचं कुणी फारसं बोललं नाही. एक काका मात्र विचारत राहिले, "भाऊ, पैसे राहू दे, माही वही कुठी गेली?"

म्हणून आम्ही ३१ मे धरली. मृग बहाराची तोड तोवर संपलेली असते, हिशेब मिटलेले असतात, पेरणीची धांदल सुरू व्हायची असते. सूचना मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिली. गूगलने ऑर्कुट बंद करताना ३० जून २०१४ ला सांगून ३० सप्टेंबरला दार लावलं होतं, आणि पुढेही दोन वर्षं लोकांना आपले फोटो काढून घेता येत होते. ही सवड लहान सेवेनंही द्यावी. बंद पडल्यावर नोंदी नुसत्या जपून ठेवायला फार खर्च येत नाही.

आता मजकूर. बरेच बागायतदार इंटरनेट रोज चालू ठेवत नाहीत, म्हणून पहिली खबर एसएमएसनेच जायला हवी. आणि २०२१ पासून नोंदणीकृत साच्याशी न जुळणारा व्यावसायिक एसएमएस मोबाइल कंपन्या अडवतात. म्हणजे बंदची सूचनासुद्धा आधी डीएलटी पोर्टलवर मंजूर करून घ्यावी लागते. हे आदल्या दिवशी कळून उपयोग नाही. त्यात देवनागरीला एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. आमचा मजकूर असा होता:

"वही सेवा ३१ मे रोजी बंद. नोंदी उतरवून घ्या. पैसे परत मिळतील."

शेवटी सेवेचं छोटं नाव धरून तो एका एसएमएसमध्ये बसला. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते’ लिहिलं असतं, तर मजकूर दोन तुकड्यांत गेला असता.

कारण सविस्तर पत्रात दिलं: "रामराम मंडळी. वर्गणीतून सर्व्हर आणि एसएमएसचं भाडं निघत नाही. माझ्या जोडीदाराला पुण्यात नोकरी लागली. एकट्यानं तुमचे फोन घेणं आणि बिघाड काढणं दोन्ही होत नाही. वर्गणी वाढवून पाहिली असती, पण मग लहान बागवाले सुटले असते." एवढंच. कू हे देशी समाजमाध्यम २०२४ च्या जुलैत बंद झालं, तेव्हा संस्थापकांनी मोठ्या कंपन्यांशी बोलणी फिसकटल्याचं आणि तंत्रज्ञानाचा खर्च झेपत नसल्याचं उघड सांगितलं होतं. ‘तांत्रिक कारण’ म्हटलं की लोक दुरुस्तीची वाट पाहत बसतात आणि नोंदी उतरवायच्या राहून जातात.

नोंदी देताना एक गंमत होते. सीएसव्ही फाइल आमच्याकडे ठीक दिसत होती. कृषी केंद्रातल्या संगणकावर एक्सेलमध्ये उघडली तर मराठीच्या जागी नुसत्या खुणा. फाइल साध्या यूटीएफ-८ मध्ये असली की एक्सेल असं करतं. पायथनमध्ये लिहिताना `encoding="utf-8-sig"` दिलं की मराठी नीट येते. तरी मोबाइलवर वाचायला सालवार पीडीएफ वेगळी द्यावी. सीएसव्ही पुढच्या ॲपमध्ये न्यायला, पीडीएफ बांधावर उघडायला. आधी दोन-तीन जणांच्या हातात देऊन बघा. आपल्या लॅपटॉपवर सगळंच उघडतं.

पैशांचा क्रम चुकवू नका. आधी यूपीआय ऑटोपे थांबवायचं, मग उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत. आणि पत्रात ठळक ओळ हवी: "पैसे परत मिळण्यासाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही. कोणी मागितला तर फोन ठेवा." सेवा बंद होतेय ही बातमी फिरली की आपल्या नावानं फोन करणारे निघतात.

डोमेनचं नूतनीकरण मात्र थांबवू नका, निदान पुढची काही वर्षं. ते सुटलं की कुणीही विकत घेतो, आणि जुन्या एसएमएसमधल्या लिंकवर बोट ठेवणारा शेतकरी सरळ त्याच्या दारात जातो. आमच्या पत्त्यावर सध्या एकच पान आहे: सेवा बंद, नोंदी हव्या असल्यास या नंबरवर फोन करा. फोन अजून येतात, बहुतेक डिसेंबरात.