दाताच्या खुर्चीतील घेरी

दाढ काढायला गेलेला माणूस खुर्चीतच पांढराफटक पडतो, तेव्हा ‘सुई मानवली नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येते. बहुतेक वेळा दोष सुईतल्या औषधाचा नसतो. पण कधीकधी असतोही, आणि कधी कारण तिसरेच असते. हे तिन्ही प्रकार कसे ओळखावेत, हे एका उदाहरणावरून पाहू.

नवरात्रातील पाचवी माळ आहे अशी कल्पना करा. येरमाळ्यात येडेश्वरीच्या दर्शनाची गर्दी आहे. पंचावन्न वर्षांच्या एका काकूंना नऊ दिवसांचे उपवास आहेत. त्यांना मधुमेह आहे. सकाळी सवयीने त्यांनी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली. पोटात मात्र कपभर चहाच. दाढ ठणकू लागली म्हणून त्या अकरा वाजता दवाखान्यात गेल्या. हिरडीत लिग्नोकेनची सुई दिल्यावर पाच मिनिटांत त्यांना दरदरून घाम फुटला आणि त्या गप्प झाल्या.

पहिला संशय घेरीचा. खुर्चीत सर्वांत जास्त आढळणारा प्रकार तोच. भीतीने वा वेदनेने व्हेगस नावाची मज्जा उत्तेजित होते, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि मेंदूला रक्त कमी पडते. उभा माणूस घेरी येऊन जमिनीवर पडतो, म्हणजे आपोआप आडवा होतो. खुर्चीतल्या माणसाला मात्र खुर्ची ताठ धरून ठेवते. म्हणून पहिले काम एकच: तोंडातील कापूस व हत्यारे काढावीत, खुर्ची पूर्ण आडवी करावी, पाय वर उचलावेत. पाणी पाजू नये, उठवून बसवू नये. घेरीत नाडी मंद व क्षीण लागते. हातापायांना एखाददुसरा झटकाही येतो, म्हणून तिला फिट समजू नये. आडवे केल्यावर बहुधा मिनिटभरात चेहऱ्यावर रंग येतो आणि माणूस नीट बोलू लागतो.

काकूंना आडवे केले, मिनिट गेले, दोन गेली. पण फरक पडेना. नाडी मंद नव्हे, जलद होती. हात थरथरत होते. नाव विचारले तर उत्तर भलतेच. येथे घेरीचा संशय मागे पडतो आणि रक्तातील साखर उतरल्याचा पुढे येतो. बोटातील थेंबाने तपासल्यावर ४८ मिलिग्रॅम निघाली. ७० च्या खाली ती कमी समजतात. यंत्र नसते, तरी मधुमेह, गोळी आणि उपवास एवढ्या खुणांवरूनही साखर देणेच योग्य ठरले असते.

काकू शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या. त्यांना बसते करून तीन चहाचे चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून घोटघोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. साखर ७० च्या वर गेली नसती, तर तेवढीच पुन्हा. त्यानंतर त्यांना पोटभर खायला घातले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला शिरेतून ग्लुकोज किंवा स्नायूत ग्लुकागॉनची सुई लागते. या गोळीचा अंमल तासन्‌तास राहतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून काकूंना ‘आता बरे वाटते’ एवढ्यावर घरी न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते.

आता ‘सुई मानवली नाही’ या वाक्याकडे येऊ. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी दुर्मिळ आहे. सुईबरोबर छाती धडधडली, तर बहुधा ते त्यात मिसळलेल्या ॲड्रिनलीनमुळे किंवा भीतीमुळे असते. अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके आणि रबरी हातमोजे यांची ॲलर्जी अधिक संभवते. तिची खूण अंगावर दिसते: खाज, गांधी, ओठ व जीभ सुजणे. आवाज घोगरा होणे, श्वासाला शिट्टी लागणे किंवा रक्तदाब कोसळणे ही धोक्याची घंटा. क्वचित गांधी न उठताही हे घडते.

अशा वेळी वाट पाहायची नसते. मांडीच्या बाहेरील बाजूस, मध्यावर, स्नायूत ॲड्रिनलीनची सुई द्यावी. प्रौढास १:१००० द्रावणाचे अर्धा मिलिलिटर. पाच मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा. हे डॉक्टरांचे काम. सोबतच्यांनी १०८ ला फोन करावा. रुग्णाला आडवे ठेवावे, श्वास लागत असेल तर पाय लांब करून बसवावे. पण उभे करू नये, रक्तदाब एकदम कोसळतो. ॲलर्जीची साधी गोळी या सुईची जागा घेऊ शकत नाही.

या उदाहरणातील काकूंनी खुर्चीत बसण्यापूर्वी ‘मला साखरेचा आजार आहे, गोळी घेतली, पण उपवास आहे’ असे सांगितले असते, तर डॉक्टरांनी आधी त्यांची साखर तपासली असती आणि दाढ दुसऱ्या दिवसावर ढकलली असती. नवरात्रात घरातील कुणाला दवाखान्यात नेताना आपण हे एक वाक्य त्यांच्या वतीने बोलावे.