पेरिस्कोप घरी बनवा: मुलामागे बत्तीस रुपये

वरूडला मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, तेव्हा रिकामी पुठ्ठ्याची खोकी फुकट मिळतात. चौथीतल्या पोरांच्या पेरिस्कोपला तोच पुठ्ठा हवा. खर्च येतो तो आरशाचा.

काचेच्या दुकानात एक चौरस फूट आरसा घ्या आणि तिथेच ३ × ४ इंचांचे १२ तुकडे कापून मागा. प्रत्येकी दोन, म्हणजे सहा मुलांचं भागतं. कापणीसह १२० रुपये, चिकटपट्टीचे ४०, आतून लावायच्या काळ्या कागदाचे ३० असे धरून चला. एकूण १९०. भाव मात्र आधी विचारा, आणि एकच पेरिस्कोप हवा असेल तर उरलेल्या कातरणीचे दोन तुकडे मागून बघा. आरशाच्या कडांना चिकटपट्टी मोठ्या माणसानेच लावायची.

१८ इंच लांब पुठ्ठ्याला सव्वातीन इंचांच्या चार घड्या घालून नळी करा. वर पुढच्या बाजूला, खाली मागच्या बाजूला अडीच इंचांची खिडकी कापा. आता खरी मेख कोनाची. तीन इंचांचा चौकोन तिरपा कापला की ४५ अंशांचे दोन त्रिकोण मिळतात, कोनमापक लागत नाही. प्रत्येक आरशाखाली दोन्ही भिंतींना एकेक त्रिकोण चिकटवा. आरसे एकमेकांसमोर आणि समांतर हवेत.

आरसा ५ अंश चुकला तर किरण १० अंश वळतो आणि पोराला नळीची भिंतच दिसते. वरचा आरसा खिडकीसह मागे फिरवला तर पाठीमागचं दिसतं, तेही उलटं. ही चूक एकदा मुद्दाम करू द्या. उंच नळीचा मोह टाळा: लांबी दुप्पट केली की दिसणाऱ्या भागाची रुंदी जवळपास अर्धी होते.

प्रकाश सरळ जातो, हे पेरिस्कोपआधी दाखवावं. सकाळच्या तिरप्या उन्हात पांढऱ्या कागदावर कंगवा उभा धरा. दातांमधून उन्हाच्या सरळ रेघा पडतात. त्यांच्या वाटेत आरसा उभा केला की रेघा वळतात. आरसा हळूहळू फिरवून मुलाला आधीच विचारा, ‘रेघ कुठं जाईल?’ तो बोट ठेवून सांगतो, मग बघतो. याला एक पैसाही लागत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त शिकवणारा खेळ हाच आहे.

संध्याकाळी खालच्या खिडकीत टॉर्च धरा. उजेड वरून बाहेर पडतो, म्हणजे वाट दोन्ही दिशांनी तीच.

पेरिस्कोप किंवा आरशातून सूर्याकडे कधीही बघू देऊ नका. आणि तयार प्लास्टिकचा घेऊ नका. त्यातले आरसे हलवता येत नाहीत, त्यामुळे कोन चुकवून बघण्याचा खेळच होत नाही.