जोडचित्रांची पडताळणी

प्रश्न : छायाचित्र स्पर्धेत जोडचित्रे व एआयनिर्मित चित्रे यांबाबत कोणता नियम असावा?

उत्तर : २०२३ साली सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धेत निवड झालेले आपले चित्र एआयनिर्मित असल्याचे सांगून बोरिस एल्डागसेन यांनी पारितोषिक नाकारले; त्यामुळे केवळ परीक्षकांच्या नजरेवर विसंबणे इष्ट नाही. जोडचित्रांचा विभाग स्वतंत्र असावा, त्यांतील प्रत्येक घटक स्पर्धकाने स्वतः टिपलेला असावा, आणि एआयनिर्मित अंश असलेली प्रवेशिका तिसऱ्याच विभागात दाखल व्हावी. अंतिम फेरीसाठी प्रत्येक घटकाची मूळ रॉ फाइल व तिच्या मागच्यापुढच्या चौकटी मागवाव्यात. कारण फाइलमधील तारीख बदलता येते, परंतु, उदाहरणार्थ, उडत्या बगळ्याचे पंख व पाण्यातील प्रतिबिंब सलग तीन चौकटींत सुसंगत दाखवणे दुष्कर असते. मूळ फाइल हजर न केल्यास प्रवेशिका बाद, ही शर्त अर्जातच नमूद करावी.